व्होल्टेज धारेच्या वर्गाप्रमाणे वाढणारा रोध: एकसर परिपथातली धारा कशी काढायची

बारावीला किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असं एक गणित हमखास समोर येतं: एक बॅटरी, तिच्याशी एकसर जोडलेला एक साधा रोध, आणि त्याच रांगेत आणखी एक घटक, ज्याच्यावरचं व्होल्टेज `V = kI²` या नियमाने चालतं. परिपथातली धारा काढा. गणित तीन ओळींचं आहे. तरीही वहीत चुकीचं उत्तर येतं, कारण ओहमचा नियम हाताला इतका सवयीचा झालेला असतो की दोन रोध दिसले की आपण त्यांची बेरीज करायला जातो. इथे दुसऱ्या घटकाचा रोध धारा कळल्याशिवाय कळत नाही, आणि धारा तर काढायची आहे.

हा लेख पहिल्यांदा असं गणित करणाऱ्यांसाठी आहे. आधी कागदावरचं उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. मग तीच रीत गाडीच्या बल्बवर लावू, कारण तापलेल्या तारेचा बल्ब या वर्गाच्या नियमाच्या बराच जवळ वागतो आणि तो कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो.

## काय काय जवळ हवं

कागदावरच्या भागासाठी वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर आणि जमल्यास आलेख कागद पुरे. प्रत्यक्ष करून बघायचं असेल तर एवढं सामान लागेल:

- १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय, निदान ३ अँपिअर देणारा. व्होल्टेज कमीजास्त करता येणारा असेल तर उत्तम
- गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा तारेचा बल्ब (एलईडी नको) आणि त्याचा होल्डर
- ४.७ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर
- मल्टिमीटर, शक्यतो दोन

सप्लाय ३ अँपिअरचा का, आणि रेझिस्टर इतका जाड का, ते पुढे आकडे आले की कळेल.

## १. आधी नियम नीट वाचा

`V = kI²` यात `k` म्हणजे रोध नाही. त्याचं एकक व्होल्ट प्रति अँपिअर-वर्ग आहे, ओहम नाही. गणितात "k = २" एवढंच लिहिलेलं असलं तरी तुमच्या वहीत एकक लिहाच. ते लिहिलंत की `R + k` अशी बेरीज करायला हात धजावणार नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. साध्या रोधात धारा उलटी झाली की व्होल्टेजही उलटं होतं. `V = IR` मध्ये ते आपोआप घडतं. `I²` मात्र धारा कुठल्याही दिशेने गेली तरी धनच राहतो. म्हणून `V = kI²` हे सूत्र फक्त एका दिशेच्या धारेसाठी लिहिलेलं असतं. दोन्ही दिशांना सारखा वागणारा घटक असेल, बल्ब तसाच असतो, तर पूर्ण नियम असा लिहावा लागतो:

```
V = k · I · |I|
```

धारा धन असेल तर हा `kI²` च आहे. ऋण असेल तर `−kI²`. ही उभ्या दोन रेघांची भानगड सुरुवातीला नकोशी वाटते, पण पायरी ४ मध्ये सगळा निकाल तिच्यावरच लागतो.

## २. सारखं काय आणि वाटलं काय जातं, ते मांडा

एकसर जोडणीत धारा एकच. बॅटरीतून जी निघते तीच साध्या रोधातून जाते, तीच वर्गाच्या नियमाच्या घटकातून. व्होल्टेज मात्र वाटलं जातं. किरचॉफच्या व्होल्टेजच्या नियमाप्रमाणे बॅटरीचं `E` हे दोन्हींवरच्या व्होल्टेजच्या बेरजेइतकं असतं:

```
E = I·R + k·I²
```

किरचॉफचा नियम ओहमच्या नियमावर अवलंबून नाही. घटक कसाही वागो, बंद वाटेवरची व्होल्टेजची बेरीज जुळलीच पाहिजे. ओहमचा नियम फक्त `IR` या पदापुरता वापरला आहे, दुसऱ्या पदात त्या घटकाचा स्वतःचा नियम आहे.

परिपथात एकापेक्षा जास्त साधे रोध असतील, बॅटरीचा अंतर्गत रोध दिलेला असेल, तर ते सगळे `R` मध्ये मिळवून टाका. वर्गाच्या नियमाचे दोन घटक एकसर असतील तर त्यांचे `k` ही सरळ मिळवता येतात, कारण दोन्हींत धारा तीच आहे: `k₁I² + k₂I² = (k₁ + k₂)I²`. पण `R` ची टोपली वेगळी आणि `k` ची टोपली वेगळी.

आपलं उदाहरण: `E` १२ व्होल्ट, `R` २ ओहम, `k` २ व्होल्ट प्रति अँपिअर-वर्ग.

```
2I² + 2I − 12 = 0
```

## ३. सोडवण्याआधी उत्तर कुठे असेल याचा अंदाज घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. तिला अर्धा मिनिटही लागत नाही आणि ती चुकीचं उत्तर लगेच पकडते.

वर्गाच्या नियमाचा घटक काढून तिथे नुसती तार जोडली असती, तर धारा `E/R` म्हणजे ६ अँपिअर झाली असती. उलट साधा रोध काढून टाकला असता, तर `kI² = E` वरून धारा `√(E/k)`, म्हणजे `√6`, साधारण २.४५ अँपिअर झाली असती. दोन्ही घटक एकत्र असताना धारा या दोन्ही आकड्यांपेक्षा कमीच असणार, कारण प्रत्येक जण थोडं व्होल्टेज स्वतःकडे घेतो. म्हणजे खरं उत्तर शून्य ते २.४५ च्या मध्ये कुठेतरी आहे. यापलीकडचा आकडा आला तर पुढे जायचं नाही.

आता वर्गसमीकरणाचं सूत्र लावा:

```
I = (−R ± √(R² + 4kE)) / (2k)
  = (−2 ± √(4 + 96)) / 4
  = (−2 ± 10) / 4
```

दोन मुळं मिळाली: `+2` आणि `−3`. २ अँपिअर आपल्या अंदाजात बसतं.

कॅल्क्युलेटरवर किंवा प्रोग्रॅममध्ये हेच काम करणार असाल, तर सूत्राचं दुसरं रूप वापरा:

```
I = 2E / (R + √(R² + 4kE))
```

धन मूळ यातूनही तेच येतं: `24 / (2 + 10) = 2`. फायदा असा की `k` खूप लहान असला तरी हे रूप बिघडत नाही. पहिल्या रूपात अशा वेळी वर्गमूळ जवळजवळ `R` इतकंच येतं, दोन जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी होते आणि दशांशातले कामाचे अंक उडून जातात. शिवाय दुसऱ्या रूपात `k = 0` ठेवलं तर सरळ `E/R` मिळतं, पहिल्यात शून्याने भागाकार होतो.

## ४. ऋण मूळ का टाकायचं, ते कारणासह लिहा

"धारा ऋण नसते म्हणून −३ सोडून दिले" असं वहीत लिहू नका. धारा ऋण असू शकते. ऋण म्हणजे आपण मानलेल्या दिशेच्या उलट, एवढंच. हे मूळ टाकण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते शक्तीच्या हिशेबात दिसतं.

समजा धारा खरंच −३ अँपिअर आहे. साध्या रोधावर `2 × (−3)`, म्हणजे −६ व्होल्ट. दुसऱ्या घटकावर `2 × 9`, म्हणजे +१८ व्होल्ट. बेरीज १२. समीकरण अगदी बरोबर जुळतं! म्हणूनच ते मूळ आलं. आता प्रत्येकाची शक्ती बघा. उलटी धारा बॅटरीत शिरते आहे, त्यामुळे बॅटरी ३६ वॅट घेते आहे. साधा रोध `9 × 2 = 18` वॅट खातो आहे. हे ५४ वॅट येतात कुठून? वर्गाच्या नियमाच्या घटकातून: १८ व्होल्ट गुणिले −३ अँपिअर, म्हणजे −५४ वॅट. तो घटक ऊर्जा देतो आहे असं हे मूळ म्हणतं. बल्ब किंवा कुठलाही रोध असं करू शकत नाही. त्याने ऊर्जा घ्यायचीच असते.

हे मूळ निपजलं कारण आपण उलट्या दिशेच्या धारेलाही `kI²` लावला. नियम `kI|I|` असा लिहिला असता तर ऋण धारेसाठी समीकरण `12 = 2I − 2I²` झालं असतं, आणि `I` ऋण असताना उजवी बाजू पूर्ण ऋण, डावी धन. उत्तरच नाही. म्हणजे खोटं मूळ आपोआप गळलं असतं.

याच मुद्द्याची दुसरी बाजू परीक्षेत कधी कधी विचारतात: बॅटरी उलटी लावली तर? सरळ `E` च्या जागी −१२ घातलं तर `2I² + 2I + 12 = 0` येतं, विवेचक `4 − 96` म्हणजे ऋण, आणि "धारा वाहणारच नाही" असा विचित्र निष्कर्ष निघतो. बल्बच्या दोन वायरी अदलाबदल केल्याने बल्ब विझत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. `kI|I|` वापरलं की धारा −२ अँपिअर येते, आकडा तोच, दिशा उलट. गणितात घटक दोन्ही दिशांना सारखा आहे की नाही हे सांगितलेलं नसेल, तर बॅटरीच्या दिशेनेच धारा धरा आणि ते गृहीत एका ओळीत लिहून ठेवा.

## ५. पडताळा: बेरीज एकदा, शक्ती एकदा

धारा २ अँपिअर. साध्या रोधावर ४ व्होल्ट, दुसऱ्यावर `2 × 4`, म्हणजे ८ व्होल्ट, बेरीज १२. बॅटरी देते `12 × 2 = 24` वॅट. साधा रोध घेतो ८ वॅट, दुसरा घटक `8 × 2 = 16` वॅट. जुळलं.

या पडताळ्यात एक सापळा आहे. दुसऱ्या घटकाची शक्ती काढताना `I²R` लिहून `R` च्या जागी २ घालणारे बरेच असतात, कारण `k` चा आकडा २ दिसत असतो. मग उत्तर ८ वॅट येतं आणि हिशेबात ८ वॅट कमी पडतात. अशा घटकासाठी `P = V·I` हेच धरून चला. इथे ते `kI³` होतं, म्हणजे धारा दुप्पट केली तर त्याची शक्ती आठपट.

## ६. व्होल्टेज थोडं बदललं तर धारा किती बदलेल

पुढचा प्रश्न नेहमी हाच असतो. बॅटरी १२ ची १३ व्होल्ट झाली, धारा किती वाढेल? इथे "रोध" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या राशी फिरतात, म्हणून जरा थांबून बघा.

२ अँपिअरला त्या घटकावर ८ व्होल्ट आहेत, त्यामुळे `V/I` येतो ४ ओहम. याला स्थिर रोध म्हणतात. पण आलेखाचा त्या बिंदूपाशी चढ किती आहे हे बघितलं, तर `kI²` चं अवकलन `2kI`, म्हणजे ८ ओहम. हा गतिक रोध, आणि वर्गाच्या नियमात तो नेहमी स्थिर रोधाच्या बरोबर दुप्पट असतो. छोट्या बदलाच्या प्रश्नाला गतिक रोधच लागू होतो, कारण आपल्याला आलेखावर थोडं पुढे सरकायचं आहे.

```
ΔI ≈ ΔE / (R + 2kI) = 1 / (2 + 8) = 0.1
```

म्हणजे धारा सुमारे २.१ अँपिअर. समीकरण १३ व्होल्टसाठी पुन्हा पूर्ण सोडवलं तर २.०९८ येतं. चुकून ४ ओहम वापरले असते तर बदल ०.१६७ आला असता, खऱ्यापेक्षा दीडपटीहून जास्त. बदल मोठा असेल, समजा १२ चे २४ व्होल्ट, तर ही जवळची वाट सोडा आणि समीकरण नव्याने सोडवा.

## ७. आता खरा बल्ब

तारेचा बल्ब वर्गाच्या नियमाजवळ का वागतो, हे कळलं की तो कुठे चुकेल हेही कळतं. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो, साधारण केल्विन तापमानाच्या १.२ व्या घाताप्रमाणे. तापलेली तार उष्णता मुख्यतः प्रारणाने बाहेर टाकते, आणि ती तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. आत येणारी शक्ती `I²R` आणि बाहेर जाणारी शक्ती सारखी धरली की `I²` तापमानाच्या २.८ व्या घाताप्रमाणे, म्हणजे `I` ही १.४ व्या घाताप्रमाणे वाढते. `V = IR` म्हणून व्होल्टेज २.६ व्या घाताप्रमाणे. दोन्हींचा भागाकार केला की `V` हे `I` च्या सुमारे १.८६ व्या घाताप्रमाणे येतं. बल्बवर रीडिंग घेतली की घात साधारण १.८ च्या आसपास निघतो. वर्ग म्हणजे २. फरक आहे, पण थोडा.

बल्बवर १२ व्होल्ट, २१ वॅट लिहिलं आहे. त्यावरून धारा `21/12`, म्हणजे १.७५ अँपिअर, आणि `k` येतो `12/1.75²`, म्हणजे ३.९२. आता हा बल्ब ४.७ ओहमच्या रेझिस्टरशी एकसर जोडून १२ व्होल्ट द्यायचे आहेत:

```
3.92·I² + 4.7·I − 12 = 0
√(22.09 + 188.16) = √210.25 = 14.5
I = (14.5 − 4.7) / 7.84 = 1.25
```

१.२५ अँपिअर. बल्बवर ६.१२५ व्होल्ट, रेझिस्टरवर ५.८७५ व्होल्ट, बेरीज १२. रेझिस्टरमध्ये `1.25² × 4.7`, म्हणजे ७.३ वॅट जातात. पाव वॅटचा रेझिस्टर इथे काही क्षणांत जळेल. १० वॅटचा टिकतो, पण भाजण्याइतका तापतो, तेव्हा तो टेबलाच्या सनमायक्यावर थेट ठेवू नका आणि सप्लाय बंद केल्यावरही थोडा वेळ हात लावू नका.

बल्बला ठरावीक रोधाचा मानून सोडवलं असतं तर? गरम बल्बचा रोध `12/1.75`, म्हणजे ६.८६ ओहम. तो ४.७ मध्ये मिळवून धारा १.०४ अँपिअर आली असती, बरीच कमी. आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून थंड बल्ब मोजला असता, तर गरम रोधाच्या साधारण दहाव्या भागाइतका, एक ओहमच्याही आतला आकडा दिसला असता आणि धारा सव्वादोन अँपिअरच्या आसपास आली असती. ही दुसरी चूक प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त होते, कारण मीटरवर आकडा स्पष्ट दिसत असतो आणि त्यावर विश्वास बसतो. तो थंड तारेचा आकडा आहे. अर्थात स्विच टाकल्याच्या पहिल्या क्षणी तार थंडच असते, तेव्हा खरोखरच दोन अँपिअरच्या वर धारा जाते. म्हणून सप्लाय ३ अँपिअरचा सांगितला. त्याची मर्यादा दीड अँपिअरला लागलेली असेल तर त्या क्षणी तो व्होल्टेज खाली ओढतो आणि सुरुवातीची रीडिंग फसवी येते.

## ८. मोजताना

मल्टिमीटरने धारा मोजायची तर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात हवा. मिलिअँपिअरच्या भोकात ठेवला तर आतला फ्यूज जातो. त्यापेक्षा सोपी रीत अशी: रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा आणि ४.७ ने भागा. परिपथ तोडावा लागत नाही, मीटरचा स्वतःचा रोधही मध्ये येत नाही. रेझिस्टर ५ टक्के टॉलरन्सचा असेल तर उत्तरातही तेवढी चूक येऊ शकते, हे लक्षात ठेवून मीटरवर त्याचा रोध आधी एकदा तपासून घ्या. `E` म्हणून सप्लायवर लिहिलेला आकडा घेऊ नका. बल्ब पेटलेला असताना बल्ब आणि रेझिस्टर या जोडीच्या दोन बाहेरच्या टोकांवर जे व्होल्टेज दिसेल तेच `E`.

आता घात १.८ धरला तर बल्बची धारा १.२५ ऐवजी १.२२ अँपिअर येते. तुमच्या मीटरवर १.२५ पेक्षा थोडं कमी दिसलं तर परिपथात दोष शोधत बसू नका, हा वर्गाच्या नियमाचाच फरक आहे. तो कमी करण्याची एक साधी युक्ती आहे: `k` हा बल्बच्या पूर्ण व्होल्टेजला न काढता, उत्तर जिथे येणार आहे त्याच्या जवळ काढा. आपल्याला पहिल्या हिशेबावरून कळलंच आहे की बल्बवर साधारण ६ व्होल्ट येणार. मग बल्बला एकट्याला ६ व्होल्ट देऊन धारा मोजा. घात १.८ असलेल्या बल्बला तिथे १.१९ अँपिअर दिसतील, `k` येईल ४.२४, आणि तो समीकरणात घातला की धारा १.२२ येते. वर्गाचाच नियम, फक्त योग्य जागी टेकवलेला.

तुमच्या बल्बचा घात काढायचा असेल तर त्याला दोन वेगळी व्होल्टेज देऊन धारा मोजा आणि `n = log(V₂/V₁) / log(I₂/I₁)` काढा. १२ व्होल्टला १.७५ आणि ३ व्होल्टला ०.८१ अँपिअर दिसले, तर `n` येतो १.८. प्रत्येक वेळी तार स्थिरावू द्या, काही सेकंद पुरतात. एका व्होल्टच्या खालची रीडिंग यात घेऊ नका. तिथे तार फारशी तापतच नाही, बल्ब जवळजवळ साध्या रोधासारखा वागतो आणि घात एककडे झुकतो.

## ९. घात दोन नसेल, तर वर्गसमीकरणाचं सूत्र सोडा

१.८ घातासाठी सूत्र नाही, पण फेऱ्या मारून उत्तर काढता येतं. मात्र समीकरण कसं लिहिता यावर फेऱ्या उत्तराकडे जातात की भरकटतात हे ठरतं. आपल्या पहिल्याच उदाहरणावर बघा, उत्तर २ आहे हे माहीत असताना.

`I = (12 − 2I²)/2`, म्हणजे `I = 6 − I²` असं लिहून १ पासून सुरुवात केली तर पुढचे आकडे ५, मग −१९. गेलं. तेच समीकरण उलट बाजूने, `I = √(6 − I)` असं लिहा: १, २.२३६, १.९४०, २.०१५, १.९९६. चार फेऱ्यांत पोहोचलं. कारण पुन्हा गतिक रोधच आहे. दुसऱ्या मांडणीत प्रत्येक फेरीला चूक `R/(2kI)` ने, म्हणजे २ भागिले ८, पाव पटीने उरते. पहिल्या मांडणीत तीच चौपट वाढते. वर्गाच्या घटकाचा गतिक रोध साध्या रोधापेक्षा मोठा असेल तर दुसरी मांडणी घ्या, लहान असेल तर पहिली. बल्बच्या परिपथात तो साधारण ९ ओहम आहे, साधा रोध ४.७, तेव्हा दुसरीच:

```
I = 1.75 × ((12 − 4.7·I)/12)^(1/1.8)
```

१.२५ घालून सुरू करा. १.२०, १.२३, १.२२ असे आकडे येतील आणि १.२२ वर थांबतील. `R` खूप मोठा असल्यामुळे सुरुवातीला कंसात ऋण संख्या आली, तर अंदाज लहान घेऊन परत सुरू करा.

सूत्रच नसेल, नुसती मोजलेली रीडिंग असतील, तर आलेख काढा. आडव्या अक्षावर धारा, उभ्यावर व्होल्टेज. बल्बची रीडिंग जोडून एक वक्र काढा. उभ्या अक्षावर १२ व्होल्ट आणि आडव्यावर `12/4.7`, म्हणजे २.५५ अँपिअर, या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा मारा. रेषा वक्राला छेदते तिथली धारा हे उत्तर. `R` बदलला तर वक्र तोच राहतो, फक्त रेषेचं आडव्या अक्षावरचं टोक सरकतं.

## १०. हीच रीत एसीवर लावताना

बल्बला बॅटरीऐवजी ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी दिले, तर आरएमएस मूल्यांसाठी वरचं सगळं तसंच चालतं. पण प्रत्येक क्षणाच्या व्होल्टेजला `V = kI²` लावू नका. ५० हर्ट्झला तारेला गरम-थंड व्हायला फार कमी वेळ मिळतो, तिचं तापमान आणि रोध एका आवर्तनात जवळजवळ तेवढेच राहतात. त्यामुळे ऑसिलोस्कोपवर धारेचा आकार साध्या साइन लहरीसारखाच दिसतो, साध्या रोधात दिसावा तसा. पायरी ६ मधला `2kI` ही असाच तार स्थिरावेपर्यंत थांबून मोजलेल्या बदलाला लागू आहे. व्होल्टेज एकदम १२ चं १३ केलं की पहिल्या क्षणी धारा तार अजून पूर्वीच्याच तापमानाला असल्यासारखी, म्हणजे स्थिर रोधाच्या हिशेबाने उडी मारते, आणि मग तार तापेल तशी खाली येते. बल्ब प्रकाश देत असताना मीटरवर आकडा थोडा वर जाऊन मागे येताना दिसला तर तो हाच प्रकार, रीडिंग थांबल्यावर घ्या.